पाचशे धनुष्यांचं अंतर : श्रीलंकेतल्या भिक्षुगुहांची पाच दिवसांची वाट

श्रीलंकेला जाणारे मराठी प्रवासी अनुराधपुराला बहुधा एक दिवस देतात. बोधिवृक्ष, दोन-तीन मोठे स्तूप, मग सिगिरिया. या वाटेवर ते सगळं थोडं बाजूला राहतं. इथे बघायच्या आहेत त्या भिक्षूंनी एकट्याने राहण्यासाठी वापरलेल्या गुहा, ओटे आणि कुट्या. सगळ्या अनुराधपुरापासून कुरुणेगलपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात आहेत. सोबत एकच पुस्तक पुरे, पाली भाष्यकार बुद्धघोषाचं 'विसुद्धिमग्ग'. पाचव्या शतकात ते याच अनुराधपुरात, महाविहारात लिहिलं गेलं, आणि एकांतात राहणाऱ्याने काय करायचं, कुठे फसायला होतं, हे त्यात हिशेबाने सांगितलं आहे. त्याची देवनागरी आवृत्ती आपल्या धर्मानंद कोसंबींनी संपादित केली. गोव्याहून निघालेले कोसंबी 1902 साली श्रीलंकेतच श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, झाले होते.

जायचं जुलै ते सप्टेंबरमध्ये. ऊन कडक असतं, पण रान कोरडं आणि वाटा मोकळ्या. भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचा काळ, याच दिवसांत चालू असतो. गंमत अशी की या भागात खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. उत्तर भारतातल्या पावसाळ्यासाठी घालून दिलेले तीन महिने इथले भिक्षू दोन हजार वर्षं ऐन उन्हाळ्यात पाळत आले आहेत.

दिवस पहिला : वेस्सगिरिया

कोलंबो फोर्टहून सकाळची गाडी धरली तर दुपारी अनुराधपुरात पोचता येतं. संध्याकाळच्या उन्हात वेस्सगिरिया गाठावं. शहराच्या दक्षिणेला, इसुरुमुनियापासून जवळच, प्रचंड गोल धोंड्यांचे ढीग आहेत. फाटक नाही की दिवे नाहीत, त्यामुळे बरेच लोक इथे धोंड्यांचे फोटो काढून परत जातात. बघायचं ते डोक्याच्या वर आहे.

आपल्याकडची लेणी म्हणजे बेसॉल्टचा कडा आत कोरत नेलेली खोली. कान्हेरीला छोट्यातलं छोटं लेणं घेतलं तरी ओसरी, खोली, निजायचा दगडी ओटा आणि बाहेर पाण्याची पोढी, सगळं छिन्नीने काढलेलं असतं. इथला दगड ग्रॅनाइटसारखा कठीण. तो असा कोरायला परवडत नाही. म्हणून पुढे झुकलेला नैसर्गिक धोंडा शोधायचा आणि त्याखालच्या आडोशाला राहण्याजोगं करायचं, अशी रीत पडली. पण झुकलेल्या धोंड्याखाली पाऊस लागत नाही हा समज पहिल्याच सरीत जातो. पाणी दगडाच्या माथ्यावरून ओघळत कडेपर्यंत येतं आणि तिथून खाली न पडता दगडालाच चिकटून छताच्या पोटाने आत सरकतं. निजलेल्या माणसाच्या अंगावर ते मध्यरात्री टपकतं.

यावरचा उपाय म्हणजे सिंहलीतलं 'कटारम'. गुहेच्या कपाळावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दगडात एक आडवी खाच मारलेली असते. खाचेची खालची धार तीक्ष्ण ठेवतात. ओघळत आलेलं पाणी त्या धारेशी अडतं, वळून पुन्हा वर चढू शकत नाही आणि पागोळीसारखं बाहेरच गळतं. आजही गवंडी छज्जाच्या पोटाला कडेने खाच ठेवतो ती याचसाठी. वेस्सगिरियाला एका धोंड्याखाली उभं राहून बोटाने ही रेषा हवेत गिरवत गेलं की कळतं, ती सरळ नाही. दगडाच्या उताराप्रमाणे ती दोन्ही बाजूंना खाली झुकते, म्हणजे पाणी दाराच्या मधोमध न पडता कडेला जावं. खाचेच्या आतल्या बाजूला छत घासून सपाट केलेलं, आणि पुढे विटामातीची भिंत घालून दार बसवलेलं असे. भिंती आता बहुतेक ठिकाणी उरल्या नाहीत, म्हणून गुहा दिसते त्यापेक्षा उघडी वाटते.

खाचेच्या खाली, जिथे पाणी पोचत नाही अशा पट्टीवर, ब्राह्मीत एक ओळ. कान्हेरी-कार्ल्याच्या अक्षरांची सवय असलेल्याला ती अडखळत का होईना लागते. आधी दात्याचं नाव, मग 'लेणे', आणि शेवटी 'आगत अनागत चतुदिस सगस', म्हणजे आलेल्या आणि अजून न आलेल्या, चारी दिशांच्या संघाला. नाशिकच्या लेण्यातही दान चारी दिशांच्या भिक्षुसंघालाच दिलेलं आहे. याचा व्यवहारातला अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचे चार दिवस तो लागणार आहे. गुहा कुणा तपस्व्याची नाही. एकटा राहणारा तिथे राहतो तो संघाचा पाहुणा म्हणून. जाताना खाट-आसन उचलून ठेवून, कुणालातरी सांगून निघायचं. तसं न करता निघणं हा विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंग्रहात, नोंदलेला दोष आहे. एकांताची जागा त्याच्या नावावर होऊ नये याची सोय दगडावरच करून ठेवलेली.

दिवस दुसरा : मिहिंतले

अनुराधपुराच्या पूर्वेला बारा-तेरा किलोमीटरवर मिहिंतलेचा डोंगर. पायऱ्या 1840 म्हणतात. सकाळी सातच्या आत चढायला लागावं, कारण नऊनंतर दगड तापतो आणि वरच्या पवित्र भागात अनवाणी फिरावं लागतं. पांढरे किंवा फिके कपडे, गुडघे-खांदे झाकलेले. पायमोजे चालतात, आणि अक्कल असेल तर न्यावेत.

अशोकपुत्र महिंद इथे उतरला आणि देवानंपिय तिस्स राजाने कंटक चैत्याजवळ अडुसष्ट गुहा करवून दिल्या, असं महावंस हे श्रीलंकेचं पाली इतिवृत्त सांगतं. चैत्याच्या भोवतीच्या उतारावर त्या गुहा आजही आहेत, कालच्यासारख्याच खाचा आणि कालच्यासारख्याच ओळी असलेल्या. गर्दी वरच्या स्तूपाकडे जाते, इकडे कोणी येत नाही. महिंदाची म्हणून दाखवतात ती गुहा वेगळ्या वाटेवर आहे. एका धोंड्याखाली, दरीच्या तोंडाशी, सपाट केलेली निजण्यापुरती शिळा, बस.

मधल्या टप्प्यावर भोजनशाळेचे अवशेष आहेत आणि तिथे भात ठेवायची लांबच लांब दगडी द्रोणी. शेजारी दहाव्या शतकातल्या चौथ्या महिंद राजाचे दोन शिलालेख. त्यांत विहाराचे नियम, नोकरांची कामं आणि त्यांचा मोबदला. गुहा आणि ही द्रोणी एकाच डोंगरावर आहेत हे पाहिलं की एकांतातल्या माणसाचं पोट कसं चालत होतं हा प्रश्न निघतोच. तेव्हा ते गणित.

भिक्षू स्वयंपाक करत नाही, धान्य साठवत नाही आणि मध्यान्हीनंतर जेवत नाही. म्हणजे रोज सकाळी त्याला माणसांत जावंच लागतं. म्हणून अरण्यवासाची व्याख्या घनदाट जंगलावर केलेली नाही. ती अंतरावर केली आहे. गावाच्या वेशीपासून किमान पाचशे धनुष्यं. धनुष्य चार हातांचं, तेव्हा दोन हजार हात, आजच्या मापात जेमतेम एक किलोमीटर. याहून जवळ राहिलं तर गावाचे आवाज, भांडणं, लग्नं सगळं कानावर येतं. फार लांब गेलं तर भिक्षेलाच अर्धा दिवस जातो आणि उन्हात परतलेला माणूस दुपारभर पेंगतो.

आणि हे अंतर पाळलं की नाही, याची खूण एकच : पहाट. अरण्यवासाचं व्रत घेतलेल्याने अरुणोदय रानातच गाठला पाहिजे. कडक पाळणाऱ्याने बारा महिने, मध्यम पाळणाऱ्याला पावसाळ्याचे चार महिने गावात मुभा, सौम्य पाळणाऱ्याला हिवाळ्याचेही. बुद्धघोषाने इथे एक बारकावा नोंदवला आहे. धर्मकथा ऐकायला गावात आलेला अरण्यवासी कथा लांबल्यामुळे तिथेच पहाटेत सापडला, तर व्रत मोडत नाही. कथा संपल्यावर निघाला आणि वाटेत उजाडलं, तरीही मोडत नाही. पण कथेकरी उठून गेल्यावर 'थोडं पडू आणि मग निघू' म्हणून आडवा झाला आणि झोपेत उजाडलं, तर मोडलं. ज्याने हा नियम लिहिला त्याला माणूस पुरता ठाऊक होता. अंतर दोन्ही वेळी तेवढंच आहे, फरक 'थोडं पडू'चा.

याच मिहिंतलेहून अनुराधपुराला भिक्षेला निघालेल्या महातिस्स थेराची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूची, गोष्ट 'विसुद्धिमग्गा'तच आहे. नवऱ्याशी भांडून नटूनथटून माहेरी निघालेली एक बाई वाटेत त्याला पाहून हसली. त्याने वर पाहिलं, दिसले ते दात. दातांवरून हाडांचं ध्यान लागलं आणि तो तिथेच अर्हत झाला. मागून शोधत आलेल्या नवऱ्याने विचारलं, इकडून बाई गेली का? उत्तर मिळालं, बाई गेली की पुरुष ठाऊक नाही, हाडांचा एक सापळा या मोठ्या रस्त्याने जातो आहे. आजच्या कानाला ही गोष्ट खटकते, आणि खटकायला हरकत नाही. पण ती कुठे घडते ते पाहण्यासारखं आहे. गुहेत केलेल्या अभ्यासाची परीक्षा गुहेत झाली नाही, भिक्षेच्या रस्त्यावर झाली. ते बारा किलोमीटर नसते तर महातिस्साला काय साधलं हे त्यालाही कळलं नसतं.

उतरताना डोंगराच्या पायथ्याशी काळुदिय पोकुण, म्हणजे काळ्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या काठची निर्जन विहारकुटी बघून घ्यावी.

दिवस तिसरा : पश्चिमेकडची तपोवनं आणि थूपाराम

अनुराधपुराच्या पश्चिमेला शेताडीत चौदा विहारांचे अवशेष पांगलेले आहेत. यांना तपोवन म्हणतात. इथे स्तूप नाही, मूर्तीघर नाही, बोधिवृक्षाचा पार नाही. आहेत ते फक्त जोडओटे. दोन चौकोनी दगडी ओटे, मध्ये एकच मोठी शिळा पुलासारखी टाकलेली. एका ओट्यावर छप्पर असावं आणि दुसरा उघडा, ध्यानासाठी, असं सर्वसाधारणपणे मानतात. घडाई अव्वल, पण नक्षी औषधालाही नाही.

नक्षी आहे ती मुतारीच्या दगडावर. तिथे मात्र खांब, महिरपी, इमल्यांचे सज्जे असं एका राजवाड्याच्या दर्शनी भागासारखं कोरीव काम सापडतं. श्रीमंत विहारांच्या थाटावरचा हा टोमणा आहे असा एक लोकप्रिय अर्थ लावला जातो. पुरावा दगडाखेरीज काही नाही. आम्हाला तो अर्थ थोडा जास्तच चतुर वाटतो, पण त्या दगडापाशी उभं राहिल्यावर दुसरा सुचत नाही हेही खरं.

तास-दीड तासात हे उरकतं. दुपार थूपारामासाठी ठेवावी. शहरातला हा सगळ्यांत जुना स्तूप, भोवती बारीक दगडी खांबांची वर्तुळं. शहराच्या मधोमध, रस्त्याला लागून. एकांताशी याचा काय संबंध, तर एकांतावरची सगळ्यांत नेमकी कथा इथली आहे.

दोन मित्र थूपारामात भिक्षू झाले. एक पाच वर्षांनी पाचीनखंडराजी नावाच्या दूरच्या अरण्यविहारात गेला आणि तिथेच राहून थेर झाला. दुसरा शहरातच राहिला. बऱ्याच वर्षांनी अरण्यवाल्याला वाटलं, जागा एवढी निवांत आहे, मित्रालाही सांगावं. तो थूपारामात आला. मित्राने त्याचं पात्र-चीवर घेतलं, पाहुण्याचं सगळं केलं. पाहुणा मनात म्हणाला, हा इतकी वर्षं शहरात आहे, आता कुठूनतरी तूप, गूळ किंवा पेय मागवील. काही आलं नाही. रात्री नाही आलं तर सकाळी भक्तांकडून न्याहारी येईल असं वाटलं, तीही नाही. दोघे भिक्षेला गेले, एकेक पळी पेज मिळाली. पाहुणा वाट पाहत राहिला, की निदान जेवणाला तरी चांगलंचुंगलं येईल. जेवण झालं, तेही भिक्षेत मिळालं तेवढंच. शेवटी त्याने विचारलं, आपण नेहमी असेच राहता? हो. मग चला, पाचीनखंडराजी बरी.

यजमान भिक्षू तिथूनच शहराच्या दक्षिण दाराने कुंभारगावच्या रस्त्याला लागला. पाहुणा गोंधळला, हा रस्ता कशाला? तुम्हीच म्हणालात ना, पाचीनखंडराजी बरी म्हणून. पण इतकी वर्षं राहिलात, मागे आपलं काही सामान? खाट आणि आसन संघाचं, ते जागेवर ठेवलेलंच आहे, दुसरं काही नाही. तेव्हा पाहुणा म्हणाला, माझी काठी, तेलाची नळी आणि वहाणांची पिशवी राहिली आहे. एका दिवसात तुम्ही इतकं साठवलंत, असं यजमानाने विचारलं. पाहुण्याने कबूल केलं की तुमच्यासारख्याला सगळीकडे अरण्यवासच आहे, तुम्ही इथेच राहा. दुसऱ्या दिवशी तो आपलं पात्र-चीवर घेऊन एकटाच परतला.

ही कथा सांगणारा 'विसुद्धिमग्ग' अरण्यवासाचा कैवारी आहे हे विसरू नये. तरी त्याने अरण्यवाल्यालाच उघडं पाडलं. एकांतात मनातले विकार जाळायचे असतात म्हणतात, तर त्याच्यात काय जळायचं राहिलं होतं ते पाहा. माणसांचा मोह नव्हता, पैशाचा तर नव्हताच. 'आता काहीतरी येईल' ही रात्रभर चाललेली आशा होती, आणि वहाणांची पिशवी. रानात हे दिसत नाही, कारण तिथे आशा करावी असं काही नसतंच. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात मिगजाल नावाच्या भिक्षूने बुद्धाला विचारलं होतं, एकटा राहणारा कुणाला म्हणायचं? उत्तर होतं, तृष्णा हा माणसाचा जोडीदार आहे. तो सोबत असेल तर घनदाट रानातही माणूस दोघांनी राहतो, आणि तो सुटला असेल तर गावाच्या वेशीवर, भिक्षू-भिक्षुणी, राजे आणि मंत्री यांच्या गर्दीतही एकटा.

दिवस चौथा : रितिगल

अनुराधपुराहून हबरणच्या दिशेने जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की रितिगल. 766 मीटरचा डोंगर, भोवती राखीव रान. शिखरावर जायला परवानगी नाही, पण विहाराचे अवशेष पाहता येतात. परतीच्या वेळेला हत्ती रस्ता ओलांडतात, तेव्हा तीनच्या आत खाली यावं. पाऊस होऊन गेला असेल तर जळवा असतात, त्यांना मीठ किंवा साबण.

सुरुवातीलाच बांधलेलं मोठं तळं लागतं, बंद पोकुण. तिथून पुढे दगडांनी फरसबंद केलेली वाट रानातून चढत जाते, मध्ये गोल चौथरे येतात, आणि दोन्ही हातांना थोड्या थोड्या अंतरावर कालच्यासारखेच जोडओटे. नवव्या शतकात पहिल्या सेन राजाने चिंध्यांची वस्त्रं वापरणाऱ्या पांसुकूलिक भिक्षूंसाठी इथे विहार बांधला आणि त्याला सेवकचाकर लावून दिले, असं इतिवृत्त सांगतं. चिंध्या नेसणाऱ्यांसाठी राजाची फरसबंदी. तपोवनातला टोमणा खरा असेल तर त्याचं कारण अशा देणग्यांतच शोधावं लागेल.

जुन्या गुहा याहून वर आणि आडबाजूला आहेत. पण इथे ओट्यांवरच थांबावं, अर्धा तास न बोलता. मोराच्या उडण्याने फांदी मोडते, पाचोळ्यात काहीतरी सरकतं. मज्झिम निकायात बुद्धाने रानातल्या भीतीबद्दल सांगताना नेमके हेच आवाज घेतले आहेत. हरीण येतं, मोर काटकी पाडतो, वारा पानं हलवतो, आणि मन म्हणतं, ते आलं. त्यावरची रीत अशी : चालताना भीती आली तर चालतच राहायचं, ती जाईपर्यंत उभं राहायचं नाही, बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. बसलेला असताना आली तर बसूनच राहायचं. एकदा का भीतीच्या सांगण्यावरून अंगाची स्थिती बदलली की पुढच्या वेळी ती लवकर आणि मोठी होऊन येते. आमच्या मते एकांतवासावरची याहून उपयोगी ओळ त्रिपिटकात शोधावी लागेल.

भीती पहिल्या रात्रींची. ती सरली की येतात ते पाच अडथळे, पाली शब्दात नीवरण : हवंहवंसं वाटणं, चीड, सुस्ती, चुळबुळ-पश्चात्ताप आणि शंका. भांड्यातल्या पाण्यात तोंड पाहावं आणि ते रंगवलेलं, उकळतं, शेवाळलेलं, वाऱ्याने हलतं किंवा अंधारात गढूळ असावं, तशी यांची पाच रूपं निकायांतच दिली आहेत. एकांतात ती नव्याने जन्मत नाहीत. गावात चीड आली की ती कुणावर तरी काढता येते आणि कंटाळा आला की गप्पा मारता येतात. रितिगलच्या ओट्यावर दहा वर्षांपूर्वीचं भांडण दुपारी दोन वाजता आठवतं आणि ते काढायला समोर कोणी नसतं. विकार 'जाळणं' म्हणतात ते इथे सुरू होतं, म्हणजे त्या चिडीला खायला काही न देता बघत बसणं.

दिवस पाचवा : अरंकेले आणि ना उयन

कुरुणेगल जिल्ह्यात येताना दोन जागा एका दिवसात होतात. अरंकेले हा जुना, आता अवशेषांत उरलेला विहार : गुहा, औषधी वाफेच्या स्नानाचं घर आणि रानातून सरळ जाणारी लांब फरसबंद चंक्रमणाची, म्हणजे ध्यान करत येरझाऱ्या घालायची, वाट. ना उयन हा आजही चालता विहार : नागचाफ्याच्या जुन्या रानात शंभराहून जास्त कुट्या, काही खडकांच्या आडोशाला. पाहुण्याने कुट्यांच्या बाजूला फिरकायचं नसतं. दान द्यायचं असेल तर ते सकाळच्या जेवणाआधी पोचलं पाहिजे.

एकट्याच्या कुटीचं माप विनयातच आहे : आतून बारा वीत लांब, सात वीत रुंद, बुद्धाच्या वितीने. ती वीत केवढी यावर मतभेद आहेत. पंचवीस सेंटिमीटर धरली तर तीन मीटर बाय पावणेदोन. जागा आधी इतर भिक्षूंना दाखवायची, तिथे मुंग्या-सापांचा उपद्रव नको आणि भोवतीने फिरायला वाट हवी. चंक्रमणाची वाट साधारण वीस-तीस पावलांची. फार आखूड असली तर सारखं वळून गरगरतं, फार लांब असली तर मन मधल्यामधे भटकून येतं.

दिवस पहाटे चारच्या आसपास सुरू होतो. झाडलोट, ध्यान, भिक्षा किंवा दानाचं जेवण, आणि मग लांबच लांब दुपार. बिघडतं ते इथे. जेवण अकराच्या सुमारास, ऊन टळटळीत, पुढचं अन्न दुसऱ्या दिवशी. एकांत सोडून परतणाऱ्यांना मोठं वादळ लागत नाही, ही दुपार पुरते. पेंगणाऱ्या मोग्गल्लानाला बुद्धाने दिलेला क्रम आजही सांगितला जातो. आधी ज्या विचारात असताना पेंग आली तो सोडायचा. नाही गेली तर शिकलेलं मनात आठवायचं, मग मोठ्याने म्हणायचं. मग कानाच्या पाळ्या ओढायच्या, हातपाय चोळायचे. मग उठून डोळे धुवायचे, चारी दिशांना आणि आकाशात पाहायचं. मग उजेडाची कल्पना करायची. मग चालायचं. एवढ्यानेही नाही गेली, तर उजव्या कुशीवर आडवं व्हायचं, कधी उठायचं ते ठरवून. झोप शेवटची ठेवली आहे, पण यादीत आहे. ती नाकारून बसणाऱ्याची पाठ आणि डोकं महिन्याभरात कुरकुरायला लागतात.

दुसरी चूक घाईची. मेघिय नावाच्या भिक्षूला किमिकाला नदीकाठची आमराई फार आवडली. बुद्ध म्हणाले, दुसरं कुणी येईपर्यंत थांब. त्याने तीनदा विचारलं आणि गेला. जाऊन बसतो तर दिवसभर वासना, द्वेष आणि इजा करण्याचे विचार. परत आल्यावर त्याला मिळालेल्या उपदेशात पहिली गोष्ट होती चांगल्या मित्राची सोबत. अरण्यवासाची परवानगी मागणाऱ्या उपालीला तर बुद्धाने संघातच राहायला सांगितलं. समाधी नसलेला माणूस रानात गेला तर एक बुडेल नाही तर वाहवेल, असं त्याचं कारण. आजही नव्या भिक्षूने आधी काही वर्षं गुरूजवळ काढायची असतात, आणि कुटीत राहणाऱ्याने ठरल्या वेळी जाऊन ध्यानात काय होतंय ते सांगायचं असतं. जो सांगायला येणं टाळू लागतो त्याच्याकडे वडील भिक्षू आधी लक्ष देतात. झोप उडणं, जेवण फार कमी करणं आणि 'मला साधलं' असं बोलू लागणं, या तीन खुणांवर त्याला कुटीतून बाहेर, सगळ्यांबरोबरच्या कामात आणतात.

वर्षावास आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आश्विनात संपतो. त्या दिवशी प्रवारणा. तीन महिने कुणी कुठेही राहिलेलं असो, पाच भिक्षू जमले तर एकेकाने इतरांपुढे उकिडवं बसून, हात जोडून म्हणायचं की माझं काही वावगं पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा संशय आला असेल, तर दया करून सांगा. असं तीनदा. अगदीच एकटा असेल त्याने भिक्षू जिथे येण्यासारखे आहेत ती जागा झाडायची, पाणी भरायचं, आसन मांडायचं, दिवा लावायचा आणि वाट पाहायची. कोणी आलं तर त्यांच्यासोबत, नाही आलं तरच 'आज माझी प्रवारणा' असं मनाशी म्हणायचं. ना उयनला हा दिवस साधायचा असेल तर ऑक्टोबरातली पौर्णिमा आधी बघून ठेवावी. त्याच सुमारास पहिल्या सरी सुरू होतात आणि वेस्सगिरियाच्या खाचा काम करताना दिसतात.